सोनोग्राफीत काय दिसते व काय दिसत नाही : आरोग्यसेविकेच्या एका व्याख्यानाच्या निमित्ताने

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेवर आपली रोगिपरीक्षा उभी आहे. सोनोग्राफी हा त्यांपैकी दर्शनाचा विस्तार होय. जे डोळ्यांना दिसत नव्हते ते ती दाखविते. तथापि आज दवाखान्यात येणारा रुग्ण प्रथम रिपोर्टचे पाकीट टेबलावर ठेवतो आणि ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून उरलेल्या दोन परीक्षांची गरजच नाही असे सुचवितो. गर्भिणीच्या बाबतीत हा समज सर्वांत महाग पडतो, कारण तेथे एका चुकीच्या निष्कर्षावर दोन जीव अवलंबून असतात.

मालेगाव तालुक्यातील एका गावात ग्राम आरोग्य व पोषण दिनाच्या दिवशी उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने गर्भवती स्त्रिया, त्यांच्या सासवा व काही पुरुष मंडळी यांच्यासमोर याच विषयावर पाऊण तास व्याख्यान दिले. प्रस्तुत लेखक त्या वेळी उपस्थित होता. तिने शास्त्रीय संज्ञा जवळजवळ वापरल्या नाहीत. पण सांगितलेला आशय आपणा वैद्यांनी व औषधी दुकानदारांनीही नीट समजून घ्यावा असा होता. म्हणून तिच्याच क्रमाने, आवश्यक तेथे स्पष्टीकरणाची जोड देऊन, तो येथे मांडत आहे.

विहिरीतील हाक

तिने सुरुवात विहिरीपासून केली. कोरड्या विहिरीत वाकून हाक मारली की थोड्या वेळाने तीच हाक परत येते. विहीर उथळ असेल तर लवकर येते, खोल असेल तर उशिरा. सोनोग्राफीचे यंत्र हेच करते. पोटावर ठेवलेला प्रोब ध्वनी आत पाठवितो, परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि तो किती वेळाने व किती जोराने आला यावरून पडद्यावर ठिपके उमटवितो. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. गर्भिणीच्या पोटावरून केलेल्या तपासणीत साधारणतः २० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी वापरतात आणि शरीराच्या मृदू भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. यात क्ष-किरण नसतात. म्हणून ‘फोटोच्या किरणांनी बाळाला अपाय होतो’ ही भीती निराधार आहे. मात्र म्हणून कारणाशिवाय वारंवार तपासणी करावी असेही नाही.

द्रव पदार्थातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून गर्भजल व भरलेले मूत्राशय पडद्यावर काळे दिसते. अस्थीवरून तो जोराने परत येतो, म्हणून हाड पांढरे दिसते व त्याच्यामागे सावली पडते. हवा मात्र ध्वनीला पुढे जाऊच देत नाही. प्रोब व त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहू नये म्हणून चिकट जेल लावतात, आणि गर्भ लहान असताना भरपूर पाणी पिऊन यावयास सांगतात ते भरलेल्या मूत्राशयाने वायूयुक्त आतडी बाजूला सरावीत म्हणून. ‘पाणी बाळासाठी पाजतात’ असे समजणाऱ्या दोन-तीन स्त्रियांना हे कारण प्रथमच कळले.

यातून निघणारा मुख्य मुद्दा तिने डाळिंबाच्या उदाहरणाने सांगितला. फळाचा फोटो काढला तर त्याचा आकार कळतो, तडा गेला आहे काय हे कळते. गोडी कळत नाही. सोनोग्राफी प्रामुख्याने आकार, माप, स्थान व हालचाल दाखविते. गर्भ एक की दोन, हृदयाचे ठोके आहेत काय, अपरा कोठे आहे, गर्भजल किती आहे, डोके खाली आहे की वर, हे ती चांगले सांगते. रक्तात काय कमी आहे व नाडीत काय वाढले आहे हे तिला दिसत नाही.

तीन रिपोर्ट, तीन तारखा

व्याख्यानाच्या मध्यास एका सासूबाईंनी विचारले, “ताई, तीन कागदांवर तीन तारखा लिहिल्यात. मशीनच खोटं बोलतं का?” हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात येतो आणि बहुतेक वेळा ‘शेवटच्या रिपोर्टची तारीख धरा’ असे घाईने सांगितले जाते. सेविकेने उत्तरादाखल तालुक्यातील एका स्त्रीची हकिगत, नावगाव न सांगता, मांडली. ती तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

त्या स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख नक्की आठवत नव्हती. ‘संक्रांतीच्या सुमारास’ एवढेच ती सांगे. १५ जानेवारी धरून २८० दिवस मोजले तर प्रसूतीची अपेक्षित तारीख २२ ऑक्टोबर येते. आपल्याकडे रूढ असलेला ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेबही याच्याच जवळपास जातो.

पहिली सोनोग्राफी ९ एप्रिल रोजी झाली. पाळीच्या हिशेबाने त्या दिवशी गर्भ १२ आठवड्यांचा असावयास हवा होता. परंतु डोक्यापासून नितंबापर्यंतची त्याची लांबी, जिला रिपोर्टमध्ये सी.आर.एल. म्हणतात, सुमारे ३१ मिलिमीटर भरली. हे माप १० आठवड्यांचे आहे. त्यावरून तारीख आली ५ नोव्हेंबर. दुसरी सोनोग्राफी १८ जूनला झाली. पहिल्या रिपोर्टनुसार त्या दिवशी बरोबर २० आठवडे पूर्ण व्हावयास हवे होते. यंत्राने १९ आठवडे ४ दिवस दाखविले व तारीख ८ नोव्हेंबर छापली. तिसरी १० सप्टेंबरला झाली. त्या दिवशी ३२ आठवडे अपेक्षित असताना मापांची सरासरी २९ आठवडे ५ दिवस आली, अंदाजे वजन १४०० ग्रॅम आले आणि तारीख छापली गेली २१ नोव्हेंबर.

यांतील कोणती तारीख खरी? उत्तर समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. यंत्र गर्भाचे वय मोजत नाही. ते गर्भाचे माप मोजते आणि ‘एवढ्या मापाचे बाळ सरासरी एवढ्या आठवड्यांचे असते’ हे आत साठविलेल्या कोष्टकातून वाचून दाखविते. पहिल्या तिमाहीत सर्व गर्भ जवळजवळ सारख्या गतीने वाढतात. म्हणून त्या वेळी मापावरून काढलेल्या वयात साधारणतः ५ ते ७ दिवसांचाच फरक पडू शकतो. पुढे कोणाचे बाळ मोठे, कोणाचे लहान असा भेद वाढत जातो आणि शेवटच्या तिमाहीत हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. अंगणवाडीतील दोन वर्षांची मुले उंचीने थोडीफार सारखी असतात. पंधरा वर्षांच्या मुलांच्या उंचीवरून वय सांगू गेले तर चूक होणारच, असे सेविकेने समजावून दिले.

म्हणून नियम असा की पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी झालेली असेल व तिच्यात आणि पाळीच्या तारखेत सात दिवसांहून अधिक अंतर असेल तर त्या सोनोग्राफीची तारीख धरावी, आणि एकदा धरलेली तारीख पुढील रिपोर्टवरून बदलू नये. प्रस्तुत उदाहरणात पाळीची तारीख अंदाजी होती व अंतर १४ दिवसांचे होते. तेव्हा ५ नोव्हेंबर हीच तारीख. दुसऱ्या रिपोर्टमधील तीन दिवसांचा फरक दुर्लक्षिण्याजोगा आहे.

तिसऱ्या रिपोर्टचा अर्थ मात्र निराळा आहे. तारीख १६ दिवसांनी पुढे गेलेली नाही. बाळाची वाढ १६ दिवसांनी मागे पडलेली आहे. घरच्यांनी ‘अजून पुष्कळ अवकाश आहे’ असा त्याचा अर्थ घेतला होता, आणि कागदावर छापलेली तारीखच वाचली तर कोणीही तसाच घेईल. यंत्राच्या दृष्टीने तो कागद निर्दोष होता. जुना कागद शेजारी ठेवून वाचणारा मनुष्य तेवढा हवा होता.

सेविकेने तिन्ही कागद शेजारी ठेवले, टेपने पोटाची उंची मोजली. ३२ आठवड्यांस ती साधारणतः ३० ते ३४ सेंटिमीटर असावी. येथे २८ भरली. नंतर रक्तदाब पाहिला तो १४८/९६ होता, विश्रांतीनंतर पुन्हा पाहिला तेव्हा १४६/९४. लघवीच्या पट्टीवर प्रथिने दोन अधिक आली. स्त्रीची तक्रार विचारली तर ‘पाय थोडे सुजतात’ एवढीच. त्याच दिवशी तिला मालेगावच्या सामान्य रुग्णालयात पाठविण्यात आले. तेथे रक्तदाब औषधांनी आटोक्यात ठेवून, नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी व बाळाची वाढ यांवर लक्ष ठेवून, ३७ आठवडे पूर्ण होताच १५ ऑक्टोबरला प्रसूती करविण्यात आली. बाळ २ किलो १०० ग्रॅमचे होते. दोघेही सुखरूप घरी गेले. २१ नोव्हेंबर ही तारीख खरी मानली असती तर त्या दिवशी गर्भ पस्तीस आठवड्यांचाही नाही असे समजून सर्वजण थांबून राहिले असते.

आपल्या मासानुमासिक गर्भिणी परिचर्येलाही हा मुद्दा लागू आहे. चरकसंहितेत नवव्या मासात मधुर द्रव्यसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व योनिपिचू सांगितला आहे. मासाची गणनाच दोन-तीन आठवड्यांनी चुकली तर उपक्रमाचा काल चुकतो. म्हणून परिचर्या लिहून देण्यापूर्वी पहिल्या तिमाहीचा कागद मागून घेणे व त्यावरून मास निश्चित करणे हे वैद्याचे पहिले काम समजावे. आणि रक्तदाब वाढलेला असेल किंवा वाढ मागे पडल्याची शंका असेल तेथे बस्तीचा विचार बाजूला ठेवून प्रथम रुग्णालयात पाठवावे.

‘नॉर्मल’ हा शब्द काय सांगत नाही

वरील उदाहरणात रोग पकडला गेला तो रक्तदाबाच्या यंत्राने व लघवीच्या पट्टीने. सोनोग्राफीने केवळ त्याचा परिणाम दाखविला, तोही जुन्या कागदाशी ताडून पाहिल्यावर. अनेक स्त्रियांत रक्तदाब वाढला तरी काही काळ बाळाची वाढ व्यवस्थित असते आणि रिपोर्ट पूर्णतः नॉर्मल येतो. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे ही तातडीने दखल घेण्याची बाब आहे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, बाळाची हालचाल कमी होणे, रक्तस्राव किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर आठ दिवसांपूर्वीचा नॉर्मल रिपोर्ट हा धीर धरण्याचा आधार होऊ शकत नाही. तो त्या दिवसापुरताच खरा होता.

पांडुताही सोनोग्राफीत दिसत नाही. गर्भिणीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात, आणि तो कळण्यास बोटाच्या टोकाचे रक्त लागते. शासनाकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते आणि ती गरोदरपणात किमान १८० दिवस घ्यावयाची असते. ‘सोनोग्राफीत बाळ छान आहे’ म्हणून ती गोळी बंद करणाऱ्या स्त्रिया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मधुमेह, थायरॉईड, सिकलसेल, थॅलेसेमिया यांचेही तसेच. त्यांचे निदान रक्ततपासणीनेच होते.

व्यंगांबाबत गावात दोन टोकांचे समज आढळतात. एक, सोनोग्राफीत सगळे कळते. दुसरा, काहीच खरे नसते. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत डोक्याची कवटी न बनणे, पाठीच्या कण्याचे मोठे दोष, हृदयाची व मूत्रपिंडाची अनेक मोठी व्यंगे दिसू शकतात. हृदयातील लहान छिद्र सुटू शकते. बाळाला ऐकू येईल काय, त्याची बुद्धी कशी असेल हे दिसत नाही. डाऊन सिंड्रोमची शंका काही खुणांवरून येऊ शकते, निश्चिती गुणसूत्रांच्या तपासणीनेच होते. या तपासणीचा काल महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी सुचविली आहे. ‘सातव्या महिन्यात एकदाच काढू’ असे म्हणणाऱ्या कुटुंबाला वय ठरविण्याची संधीही गमवावी लागते व व्यंग आढळल्यास विचार करावयास वेळही उरत नाही.

‘गर्भाशयात काही दिसत नाही’

हा भाग औषधी दुकानदारांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. लघवीची तपासणी गर्भधारणा दाखविते, परंतु पाळी चुकून पाच-सहा दिवसच झाले असताना पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसते. याचे तीन अर्थ संभवतात. गर्भ अद्याप दिसण्याएवढा मोठा झालेला नाही, तो पडून गेला आहे, किंवा तो गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत आहे. एकाच चित्राने यांतील भेद होत नाही. त्यासाठी रक्तातील बीटा एच.सी.जी. व काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी, तीही शक्यतो योनिमार्गे, आवश्यक असते.

अशा वेळी गर्भपाताच्या गोळ्यांचा संच चिठ्ठीशिवाय दिला गेला तर काय होते? त्या गोळ्या गर्भाशयातील गर्भासाठी आहेत. नलिकेतील गर्भावर त्यांचा उपाय चालत नाही. गोळ्यांनंतर थोडा रक्तस्राव होतो, स्त्री ‘काम झाले’ असे समजते आणि नलिकेतील गर्भ वाढतच राहतो. पुढे एका बाजूला तीव्र वेदना, खांद्यात कळ, घाम, भोवळ येते. नलिका फुटलेली असते व पोटात रक्त साठत असते. हा संच नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, तोही कायद्याने अधिकार असलेल्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच वापरावयाचा आहे. आपण बी.ए.एम.एस. पदवीधरांना तो अधिकार नाही. दुकानात येणाऱ्या स्त्रीला किंवा तिच्या पतीला गोळ्या नाकारताना ‘आधी गर्भ कोठे आहे ते पाहून घ्या’ हे एक वाक्य सांगितले तर त्या नकाराचा उपयोग होतो.

न विचारावयाचा प्रश्न

व्याख्यानाच्या शेवटी अपेक्षित प्रश्न आलाच; एका गृहस्थांनी तो आडवळणाने विचारला. सेविकेचे उत्तर सरळ होते. मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी ही तपासणी नाही. ते सांगणे, खुणेने सुचविणे व विचारणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने याविषयी १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. लिंगनिदानाची मागणी करणाऱ्या नातेवाइकास पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रीला मात्र, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, पती वा नातेवाइकांनी भाग पाडले असे कायदा गृहीत धरतो.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, केवळ बी.ए.एम.एस. पदवीवर गर्भिणीची सोनोग्राफी करता येत नाही. नोंदणीकृत केंद्र व कायद्याने ठरविलेली पात्रता असलेला तज्ज्ञ आवश्यक असतो. दुसरी, कायद्यातील जाहिरातीची बंदी केवळ यंत्रापुरती नाही. ‘मुलगाच होईल’ असे औषध जाहिरातीने विकणे हे गर्भधारणेपूर्व लिंगनिवडीच्या जाहिरातीत मोडते. शिवाय लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरलेले असते; दीड-दोन महिन्यांच्या गर्भिणीला दिलेल्या कोणत्याही पुडीने ते बदलत नाही. पुंसवनाच्या नावाने दुकानात ठेवलेल्या अशा पुड्यांना शास्त्राचा आधार सांगणे हे आपल्या शास्त्रावरच अन्याय करणारे आहे.

दवाखान्यात करावयाचे काम

गर्भिणी रिपोर्ट घेऊन आली तर सर्वप्रथम तिचा सर्वांत जुना कागद मागावा आणि त्यावरील तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहून तिच्याभोवती वर्तुळ करावे. नवा कागद त्या तारखेशी ताडून पाहावा. मापे मागे पडलेली दिसली तर ‘तारीख पुढे गेली’ हा शब्दप्रयोग करू नये. ‘वाढ तपासावी लागेल’ असे सांगावे. त्यानंतर, रिपोर्ट कितीही निर्दोष असला तरी, रक्तदाब घ्यावा, लघवी पाहावी, हिमोग्लोबिनची तारीख विचारावी. या तिन्ही तपासण्यांची सोय उपकेंद्रात असते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात शासकीय रुग्णालयांत तज्ज्ञांकडून मोफत तपासणी मिळते. हे अभियान २०१६ पासून सुरू आहे. आपल्या दवाखान्यातून त्या दिवशी पाठविलेल्या प्रत्येक स्त्रीच्या हाती तिचे जुने-नवे सर्व कागद एकाच पिशवीत, तारखेच्या क्रमाने लावून द्यावेत. तपासणाऱ्या तज्ज्ञाजवळ वेळ थोडा असतो. कागद क्रमाने असतील तर मागे पडलेले सोळा दिवस त्याला एका दृष्टिक्षेपात दिसतात.